समतल चर आणि असमतल माणसे

पाणलोट विकासाच्या पुस्तकांत सलग समतल चराची व्याख्या चार ओळींत आटोपते. डोंगरउतारावर सारख्या उंचीचे बिंदू जोडून जी रेषा मिळते तिला समतल रेषा म्हणतात, आणि त्या रेषेवर साधारण ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असा जो लांबच लांब खड्डा खणतात, ज्यात उतारावरून धावत येणारे पाणी थांबते आणि हळूहळू जमिनीत मुरते, त्याला चर म्हणतात. या व्याख्येत रुंदी, खोली, उंची, उतार असे सर्व काही येते. तो खड्डा खणणारी चाळीस माणसे तेवढी येत नाहीत. वस्तुतः पाण्याला समतलात आणणे हे काम त्या मानाने सोपे आहे, कारण पाण्याला स्वतःचे मत नसते.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात या विषयाच्या अभ्यासाला जेवढी सामग्री आहे तेवढी क्वचितच अन्यत्र मिळेल. सह्याद्री ओलांडताना ढग अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात भरभरून रिकामे होतात, आणि पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांवरून जाताना त्यांच्याकडे देण्यासारखे फारसे उरत नाही. या स्थितीला पर्जन्यछाया असे म्हणतात, आणि छाया या शब्दाला गारव्याचा अर्थ चिकटलेला नसलेला बहुधा हा एकच प्रदेश आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजारात १९९० च्या सुमारापासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने जी कामे झाली, त्यांमुळे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा जिल्ह्यात घरोघरी पोहोचली. तिचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की आजूबाजूच्या गावांत राळेगण किंवा हिवरे बाजार पाहून आलेला एक तरी गृहस्थ निर्माण झाला, आणि एका दिवसाची सहल व तिथले जेवण एवढ्या अध्ययनावर तो पाणलोटाचा तज्ज्ञ ठरला.

हा गृहस्थ एकटा असता तर प्रश्न नव्हता. परंतु श्रमदानासाठी, म्हणजे मजुरी न घेता गावाच्या कामासाठी, पहाटे माळावर जमणाऱ्या मंडळींत प्रत्येकजण कशाचा ना कशाचा तज्ज्ञ असतो. गवंड्याला ओळंबा कळतो आणि म्हणून इतरांना काहीच कळत नाही असे त्याला वाटते. निवृत्त फौजीला रांग आणि वेळ कळते, त्यामुळे सहाच्या कामाला तो साडेपाचला हजर असतो व सव्वासहाला येणाऱ्यांकडे सीमेपलीकडून आल्यासारखा पाहतो. मेंढपाळाला पावसात पाणी कुठून कुठे धावते हे पायांनी ठाऊक असते, पण त्याला कोणी विचारत नाही. बचत गटातील बायांना किती वेळात किती घमेली माती हलते याचा अचूक अंदाज असतो, पण तो त्या पुरुषमंडळींचा अंदाज चुकल्यावरच जाहीर करतात. गुरुजींना वही ठेवता येते. पुण्याहून सुट्टीवर आलेल्या संगणक अभियंत्याला डोंगराचा नकाशा मोबाइलवर दाखवता येतो, फक्त डोंगरावर रेंज नसते. या सर्वांच्या डोक्यावर जो उभा केला जातो त्याला प्रमुख म्हणतात, आणि त्याची निवड बहुधा तो त्या सभेला गैरहजर असताना झालेली असते.

प्रमुखापुढचा पहिला प्रश्न कोणी काय करावे हा नसून मुळात काय करावे हा असतो. गावात दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की डोंगरावर चर खणावेत. दुसऱ्याचे म्हणणे असे, की कष्ट कशाला, जेसीबी लावून खालचा ओढाच खोल करावा. हा वाद वरवर तांत्रिक दिसतो, परंतु कोणाची विहीर ओढ्यापासून किती अंतरावर आहे याची यादी कोणी केली, तर कोण कोणत्या पक्षात आहे हे न विचारता सांगता येईल. त्यात भर म्हणून तिसरा, संख्येने लहान पण पायांनी मोठा, असा मेंढ्यांचा पक्ष असतो; कारण चर खणलेल्या डोंगरावर गवत आणि रोपे टिकण्यासाठी चराईबंदी करावी लागते, आणि बंदीचा ठराव करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे मेंढी नसते.

अशा वेळी अननुभवी प्रमुख मतदान घेतो. मतदान ही थोर गोष्ट असली तरी बहुमताने ठरवलेल्या रेषेवरूनही पाणी उताराकडेच जाते, हे तो विसरतो. अनुभवी प्रमुख दोन्ही पक्षांना वहीपाशी बसवून हिशेब मांडायला लावतो, आणि तो हिशेब असा होतो. चराचा एक मीटर म्हणजे ०.६० गुणिले ०.३०, अर्थात ०.१८ घनमीटर. एका हेक्टरात दहा-दहा मीटरवर चरांच्या रांगा घेतल्या तर एकूण लांबी सुमारे १,००० मीटर भरते आणि त्यांत एका वेळी १८० घनमीटर, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर पाणी मावते. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होते. त्यातले अर्धे जागीच मुरले आणि अर्धे वाहिले असे धरले, तर एकाच सरीत ३६ मिलिमीटर पाऊस होईपर्यंत त्या हेक्टरातून थेंबही खाली उतरू नये. इथवर चरपक्षाच्या माना उंचावतात. मग ओढापक्ष आपले आकडे मांडतो: १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल ओढा केला तर ९०० घनमीटर, म्हणजे पाच हेक्टर चरांएवढे पाणी एका जागी, तेही घाम न गाळता. आता माना उंचावण्याची पाळी दुसऱ्या बाजूची असते.

इथे मेंढपाळाला विचारण्याची वेळ येते, आणि तो सांगतो ते कोणत्याही वहीत नसते: पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला येते ते पाणी नसून रबडी असते. उघड्या डोंगरावरची माती पाण्याबरोबर उतरते आणि खोल केलेला ओढा काही पावसाळ्यांत गाळाने भरून पूर्ववत होतो. म्हणजे ९०० घनमीटरांचा हौद पाण्यासाठी नसून डोंगराच्या मातीसाठी बांधल्यासारखे होते. म्हणूनच पाणलोटाच्या शास्त्रात ‘माथा ते पायथा’ हा क्रम सांगितला आहे: आधी वरचे चर, मग घळींतील अनघड दगडांचे लहान बांध, आणि शेवटी खालचा ओढा. दख्खनच्या बेसाल्ट खडकात आणखी एक अडचण असते. पाणी धरून ठेवतो तो वरचा कुजका मुरूम. त्याखालच्या कठीण कातळात यंत्र घातले तर खोली वाढते, फोटो चांगला येतो, पण पाणी मुरत नाही, आणि शेजारच्या विहिरींतले पाणीच पाझरून त्या खड्ड्यात येण्याचा संभव असतो. या माहितीनंतर ओढापक्षातील विहीरमालकांचा उत्साह एकदम शास्त्रीय होतो.

तरीही एका पक्षाला जिंकवून दुसऱ्याला घरी पाठवणे प्रमुखाला परवडत नाही, कारण घरी गेलेला पक्ष टिकावही बरोबर नेतो. म्हणून वाद ‘हे की ते’ यावरून ‘आधी हे, मग ते’ यावर आणला जातो: या उन्हाळ्यात माथ्याचे चर, ओढ्यातला फक्त साचलेला गाळ काढून ज्याच्या त्याच्या शेतात टाकायचा, आणि खोलीकरणाचा विचार चर एक पावसाळा पाहिल्यावर. मेंढ्यांच्या पक्षासाठी डोंगराचे तीन भाग करून एकेका भागावर आळीपाळीने बंदी घातली जाते, म्हणजे उरलेले दोन भाग चरायला मोकळे राहतात. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, ज्यात संगमनेर तालुक्यातील मेंढवण, दरेवाडी यांसारखी गावे होती, याच कारणासाठी प्रत्येक गट क्रमांकाचा आराखडा त्या शेतात उभे राहून, शेतकरी आणि त्याची पत्नी या दोघांना बरोबर घेऊन करण्याची पद्धत रूढ झाली. तिला नेट प्लॅनिंग म्हणतात. तिचे तांत्रिक लाभ अनेक आहेत, परंतु शेतात दिलेला होकार घरी गेल्यावर फिरवला जात नाही हा त्यांतला सर्वांत टिकाऊ लाभ मानावा लागेल.

काय करावे हे ठरल्यावर कोणी किती करावे हा प्रश्न येतो, आणि याचे सर्वांत सुचणारे उत्तर, म्हणजे सर्वांनी रोज तीन तास यावे, हेच सर्वांत वाईट ठरते. तास मोजले की माणसे तास भरतात. घड्याळाला टिकाव आणि टेकून उभे राहण्याचा टिकाव यांतला फरक कळत नाही. म्हणून काम घनमीटरात मोजावे लागते. समजा, चाळीस माणसे आहेत आणि दहा सकाळींत ४०० मीटर चर काढायचा आहे. तर एकूण खोदाई ७२ घनमीटर, माणशी १.८ घनमीटर, म्हणजे दहा दिवसांत दहा मीटर चर. रोजचा हिशेब माणशी एक मीटर एवढाच येतो, आणि हा आकडा इतका लहान दिसतो की पहिल्या दिवशी लोक हसतात. दुसऱ्या दिवशी हसत नाहीत, कारण तळहाताला फोड आलेले असतात. सरावलेल्या गड्याला मऊ मुरमात यात काही कठीण नसते. ज्याने वर्षभरात फक्त मोबाइल उचललेला आहे त्याला तो एक मीटर आडवा न वाटता उभा वाटतो.

म्हणून मीटर माणसाला न देता टोळीला द्यावे लागतात. पाच-पाच जणांच्या आठ टोळ्या आणि टोळीला ५० मीटर अशी विभागणी केली, तर टोळीत एक टिकाव मारणारा, दोन फावड्याने माती ओढणारे, एक मोठे दगड काढून बाजूला रचणारा आणि एक काठीने रुंदी-खोली तपासणारा असे मिश्रण जमते. सगळे तगडे एका टोळीत घालण्याचा मोह टाळावा लागतो. ती टोळी चौथ्या दिवशी मोकळी होते आणि उरलेले सहा दिवस इतरांच्या कामावर भाष्य करते. याच ठिकाणी घमेल्यांच्या साखळीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. बांध घालताना, जिथे माती लांब न्यायची असते, तिथे हातोहात घमेली देणारी रांग अत्यंत उपयोगी असते. चरातली माती मात्र फूटभर अंतर सोडून खालच्या अंगालाच टाकायची असते, आणि एवढे अंतर तोडायला पंचवीस माणसांची साखळी लागत नाही. तरीही ती लावली जाते, कारण पाहुणे आले की फोटो साखळीचा निघतो. शहाणा प्रमुख पाहुण्यांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवतो आणि ती चराच्या हिशेबात धरत नाही.

विभागणीचा खरा तंटा मात्र जमिनीमुळे होतो. एका टोळीला मऊ मुरूम लागतो, दुसरीच्या टिकावातून ठिणग्या निघतात, आणि ठिणग्या निघणाऱ्या टोळीत प्रमुखाचा मेहुणा नसेल तर प्रमुखाच्या हेतूंविषयी शंका निघतात. हा तंटा नंतर सोडवता येत नाही, तो आधीच मोजून ठेवावा लागतो. रेषेवर पहारीने जागोजाग ठोकून पाहिले, की कठीण पट्टा कुठे सुरू होतो ते कळते. ४०० पैकी १०० मीटर कठीण निघाले आणि कठीण एक मीटर मऊ दोन मीटरांबरोबर धरायचा असे सर्वांसमक्ष ठरले, तर एकूण काम ३०० अधिक २००, म्हणजे ५०० मऊ मीटरांचे होते आणि टोळीच्या वाट्याला साडेबासष्ट येतात. पूर्ण मऊ जागेतल्या टोळीने साडेबासष्ट मीटर काढायचे, पूर्ण कठीण जागेतलीने सव्वाएकतीस. जागा कोणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे आणि चिठ्ठी एखाद्या लहान मुलाने उचलायची. गुणोत्तर चिठ्ठीच्या आधी ठरले पाहिजे, हे यातले मर्म आहे. कारण चिठ्ठी उघडल्यावर प्रत्येक टोळीला जगातला सर्वांत कठीण मुरूम आपल्याच वाट्याला आल्याचा शोध लागतो.

एवढी व्यवस्था केल्यावरही दोन टोळ्यांच्या हद्दीवर हातभर जमीन अशी उरते, जी दोघांच्याही मते दुसऱ्याची असते. ती कोणीच खणत नाही. प्रमुख यावर रागावतो, परंतु शास्त्र या आळसाच्या बाजूने आहे: सलग चरातसुद्धा ठरावीक अंतरावर मातीचा आडवा पट्टा न खणता ठेवायचा असतो, जेणेकरून चराच्या पातळीत चूक झाली तरी सगळे पाणी एका टोकाला धावू नये. गावातल्या भांडणाने अभियांत्रिकीला केलेली ही एकमेव मदत असावी.

आता पातळीचा प्रश्न, जिथे सर्वांत जुने तज्ज्ञ आमनेसामने येतात. समतल रेषा नजरेने आखता येते असे गावातल्या प्रत्येक वयस्क पुरुषाला वाटते, आणि नजर डोंगरावर हमखास फसते, कारण उतारावर उभ्या माणसाला आडवे कशाला म्हणावे हेच नीट कळत नाही. त्यासाठी ‘ए’ या इंग्रजी अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट वापरतात: दोन लांब काठ्या वर बांधलेल्या, खाली पायांत साधारण दोन मीटर अंतर, मध्ये एक आडवी पट्टी आणि शेंड्यापासून दोरीने सोडलेला दगड. चौकट दोन बिंदूंवर उभी करून दोरी पट्टीवर जिथे टेकते तिथे खूण करतात; मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करतात, पुन्हा खूण करतात, आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये जी तिसरी खूण येते तिच्यावर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजतात. वारा असेल तर दगड जड लागतो. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तेव्हा या परिसरात दोरी स्थिर होण्याची वाट पाहणे हाही श्रमदानाचाच भाग धरावा लागतो.

या चौकटीचा पहिला गुण असा, की तिच्यापुढे गवंडी, गुरुजी आणि अभियंता समान होतात. ‘माझा अनुभव सांगतो’ या वाक्याला उत्तर म्हणून दुसरा अनुभव सांगता येतो आणि दुपार उलटते. ‘दोरी डावीकडे आहे’ या वाक्याला प्रत्युत्तर नसते. म्हणून आखणीचा वाद झाला की सूज्ञ प्रमुख कोणाचीही बाजू घेत नाही. एक रेषा नजरेची आणि एक चौकटीची अशा दोन आखायला सांगतो, दोन्हींवर दहा-दहा मीटर चर काढून घेतो आणि प्रत्येकात पाण्याचे एकेक पिंप ओततो. एका चरात पाणी सगळीकडे पसरते, दुसऱ्यात ते एका कोपऱ्यात जाऊन बसते. मग कोणी काही बोलत नाही. जो हरला तो त्या दिवसापासून चौकट धरण्याचे काम आपणहून मागून घेतो आणि संध्याकाळपर्यंत चौकट मुळात आपलीच कल्पना होती असे सांगू लागतो. प्रमुखाने हे मान्य करावे. त्यात काही खर्च नसतो.

तरी चौकटही चुकते, आणि ती कशी चुकते हे पाहण्यासारखे आहे. मधली खूण जरा सरकलेली असेल आणि त्यामुळे दर दोन मीटरांमागे एक सेंटिमीटरचा फरक पडत असेल, तर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु चौकट उचलून मागचा पाय पुढच्या पायाच्या जागी ठेवत गेले, म्हणजे जो पाय पुढे तोच कायम पुढे राहिला, तर चूक दर पावलाला त्याच दिशेने साचते: वीस मीटरांत दहा सेंटिमीटर, साठ मीटरांत तीस. चराची खोलीच मुळी तीस असते. म्हणजे साठ मीटरांवर चराचे एक टोक कोरडे राहते आणि दुसऱ्या टोकाला पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटून नवीन घळ पडते. याला इलाज आहे आणि तो फुकट आहे. पुढचा पाय जागेवर रोवून चौकट त्याच्याभोवती गर्रकन फिरवायची, म्हणजे मागचा पाय पुढे येतो. पुढच्या वेळी पुन्हा तसेच. असे केले की एका पावलाची चूक दुसरे पाऊल उलट दिशेने भरून काढते, आणि खूण सरकलेली असूनही रेषा समतल राहते.

हे तत्त्व समजल्यावर काही गावांत दररोज टोळीचा म्होरक्या बदलण्याचीही प्रथा पडावी, हे स्वाभाविक आहे. प्रमुखाची पाळी मात्र सहसा बदलत नाही, कारण ते पद दुसऱ्या कोणाला नको असते. तो जून महिन्यापर्यंत तसाच पुढे राहतो. मग एका रात्री पाऊस कोसळतो, आणि सकाळी अख्खे गाव छत्र्या घेऊन माथ्यावर जाते. ४०० मीटरांपैकी बहुतेक चर काठोकाठ भरलेले असतात, आणि जिथे एखादा बांध फुटलेला असतो तिथे सर्वांत मोठी गर्दी असते. तो पट्टा कोणत्या टोळीचा होता हे विचारले, तर आठही टोळ्या एकमताने सांगतात, की त्या दिवशी चौकट प्रमुखाच्या हातात होती.